साफ फोन काहीच सिद्ध करत नाही

‘लपवण्यासारखं काही नसेल, तर पासवर्ड सांगायला काय जातं?’ हे वाक्य इतकं बिनतोड वाटतं की ऐकणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. मुकाट्याने फोन पुढे करायचा, नाहीतर संशयित ठरायचं. पण या वाक्यात एक गृहीत धरलेलं आहे आणि ते चुकीचं आहे. फोन तपासला की जोडीदार खरा आहे की खोटा याचा निकाल लागतो, असं मागणारा धरून चालतो. प्रत्यक्षात निकाल एकाच बाजूने लागू शकतो. काही सापडलं तर संशय खरा ठरतो. काहीच सापडलं नाही, तर ‘डिलीट केलं असेल’, ‘दुसऱ्या ॲपवर बोलत असतील’, ‘ऑफिसच्या फोनवर असेल’ हे सगळं शिल्लकच राहतं. गुन्हा सिद्ध करण्याची ताकद त्या तपासणीत आहे, निर्दोषत्व सिद्ध करण्याची नाही. म्हणूनच ती एकदा होऊन थांबत नाही. आज कॉल लॉग, उद्या गॅलरी, परवा लोकेशन, अशी ती पसरत जाते. जोडीदाराचा फोन तपासावासा वाटणाऱ्याला मी आधी वाईट म्हणणार नाही, तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. पण त्याने हाती घेतलेलं साधन ती भीती घालवू शकत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

ही नुसती तर्काची कसरत नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली ३०८ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवर जितका जास्त वेळ, तितका जोडीदाराविषयीचा मत्सर जास्त, असा संबंध त्यांना आढळला. त्याचा अर्थ लावताना त्यांनी एका चक्राकडे बोट दाखवलं: मत्सर वाटला की माणूस शोधायला जातो, शोधताना अर्धवट संदर्भाचं काहीतरी दिसतं, आणि त्याने मत्सर आणखी वाढतो. अभ्यास विद्यार्थ्यांचा होता, त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या माहितीवर उभा होता आणि फेसबुकपुरता होता. चौदा वर्षं संसार केलेल्या जोडप्यावर तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण चिंतेवर उपचार करणाऱ्यांना हे चक्र चांगलं ओळखीचं आहे. कुलूप लागलंय ना, हे पुन्हा पुन्हा बघणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी क्षणभर बरं वाटतं. ते बरं वाटणंच पुढच्या वेळी त्याला पुन्हा दाराकडे नेतं. फोनचंही तसंच होतं. रात्री अकराला चॅट बघून आलेला दिलासा सकाळी ‘लास्ट सीन १:१२’ दिसलं की संपतो. आणि संदर्भाशिवाय वाचलेला संदेश कुठल्याही अर्थाने वाचता येतो. सहकाऱ्याने पाठवलेलं ‘आज मजा आली’ हे वाक्य प्रेझेंटेशनबद्दल आहे की आणखी कशाबद्दल, हे पडद्यावर लिहिलेलं नसतं.

दुसरा पुरावा आपल्या घराच्या जास्त जवळचा आहे. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ स्त्रियांशी बोलून संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास मांडला. या स्त्रियांचे फोन घरातल्यांच्या हातात सर्रास जातात आणि त्यावर उघड तक्रार करण्याची त्यांची परिस्थिती नसते. मग त्या काय करतात? काही ॲपना वेगळं कुलूप लावतात, एखादाच संदेश किंवा एखाद्याच व्यक्तीचं चॅट तेवढं पुसतात, ब्राउझरचा इतिहास साफ करतात, काही गोष्टी फोनवर करायच्याच टाळतात. यामागे काही पाप लपवायचं असतं असं नाही. मैत्रिणीची अडचण, माहेरच्यांशी झालेलं बोलणं, स्वतःच्या शरीराबद्दलची शंका, असल्या गोष्टींवरून घरात वाद होऊ नये एवढीच धडपड त्यामागे असू शकते. म्हणजे तपासणीने खरेपणा वाढला नाही, पुसण्याचं कसब वाढलं. जिथे रोज फोन तपासला जातो तिथे सज्जन माणूसही डिलीटचं बटण वापरायला शिकतो. मग साफ फोन हा सज्जनाचाही असू शकतो आणि लबाडाचाही. तपासणाऱ्याने स्वतःच दोघांमधला फरक मिटवून टाकलेला असतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कितीतरी जोडप्यांना एकमेकांचे पासवर्ड माहीत असतात आणि त्यांचं उत्तम चाललेलं असतं. नवरा गाडी चालवत असताना बायको त्याचा फोन उचलते, कुणाचं काही बिघडत नाही. मान्य. पासवर्ड माहीत असणं ही अडचणच नाही. फरक ओळखण्याची खूण वेगळी आहे: ‘आज नको’ म्हटलं तर काय होतं? ‘बरं’ म्हणून विषय संपत असेल, तर ती आपसातली सोय आहे. त्यावर अबोला, आरडाओरडा, पैसे बंद, माहेरी फोन, मुलांसमोर उलटतपासणी असं काही होत असेल, तर तो पासवर्ड दिलेला नाही, काढून घेतलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण विवाहित स्त्रियांना नवऱ्याच्या नियंत्रणाबद्दल काही प्रश्न विचारतं. ‘तुम्ही कुठे आहात हे सतत कळलंच पाहिजे असा त्याचा आग्रह असतो का’ हा त्यातला एक, आणि मैत्रिणींना भेटू देत नाही का, बेवफाईचे आरोप करतो का, हे त्याच्या शेजारचे. या गोष्टी एकाच यादीत आहेत याला कारण आहे, त्या घरातही बहुधा एकत्रच येतात. त्याच सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण जेमतेम ५४ टक्के होतं. उरलेल्यांच्या बाबतीत पासवर्डचा वाद उद्भवायलाही फोन स्वतःचा नाही.

याच आक्षेपाचं आणखी एक उत्तर आहे, ते भांडणाच्या भरात कुणाला सुचत नाही. फोनमधलं सगळं फोनवाल्याच्या मालकीचं नसतं. बहिणीने तिच्या गर्भपाताबद्दल लिहिलेलं, मित्राने कर्जापायी आलेल्या निराशेबद्दल पाठवलेलं, ऑफिसातल्या कुणाचा पगार, एखाद्या पेशंटचा रिपोर्ट, हे सगळं त्या माणसांनी एका व्यक्तीवर विश्वास टाकून सांगितलेलं असतं. नवरा-बायकोने आपापसात काहीही ठरवलं तरी त्या बहिणीच्या वतीने होकार देण्याचा अधिकार दोघांनाही नाही. ‘आमच्यात काही लपवायचं नाही’ हे तत्त्व म्हणून कितीही सुंदर असलं, तरी त्याची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते.

आता अवघड भाग. संशय निराधार नसेल तर? फसवणूक खरंच झाली असेल, तर ‘खासगीपणा जपा’ हा उपदेश जखमेवर मीठ चोळण्यासारखा आहे. ज्याने महिनोन् महिने खोटं सांगितलं, त्याने पकडलं गेल्यावर खासगीपणाचा हक्क पुढे करणं मला साळसूदपणाचं वाटतं. इथे काही काळ पारदर्शकता हवीच. प्रश्न आहे तो तिच्या स्वरूपाचा. एक उदाहरण कल्पून बघू. ठाण्यातलं जोडपं, लग्नाला चौदा वर्षं. नवऱ्याच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप, मग गेट-टुगेदर, मग त्यातल्या एकीशी रोज रात्री वेगळं बोलणं. सात महिने. बायकोने एकदा विचारलं तेव्हा ‘कुणी नाही गं, ग्रुपवरच बोलतोय’ असं उत्तर मिळालं. शेवटी एका नोटिफिकेशनने बिंग फुटलं. आता तो कबूल करतो, थांबतो, माफी मागतो. ती म्हणते: फोनचा पासवर्ड दे, लोकेशन कायम सुरू ठेव, येणारा प्रत्येक फोन माझ्यासमोर स्पीकरवर घे.

पहिली गोष्ट फोनच्या बाहेर करायची आहे. जे झालं ते त्याने एकदा, पूर्ण, स्वतःच्या तोंडाने सांगायचं: कधी सुरू झालं, किती पुढे गेलं, भेटी झाल्या का, पैसे गेले का, आणखी कुणाला माहीत आहे. हप्त्याहप्त्याने बाहेर येणारं सत्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. आज कबुली, पंधरा दिवसांनी ‘हो, एकदा कॉफीलाही गेलो होतो’, महिन्याने आणखी काही, असं झालं की प्रत्येक वेळी सगळं शून्यावर येतं आणि आधीची कबुलीसुद्धा खोटी ठरते. एवढं सांगून झाल्यावर तिची मागणी नेमकी करायची. तिला त्याचं सगळं आयुष्य बघायचं नाहीये, ‘तो संपर्क खरंच संपला का’ एवढं तिला हवं आहे. त्या प्रश्नाला धरूनच व्यवस्था असावी. संपर्क थांबवणारा शेवटचा संदेश त्याने तिला दाखवून पाठवायचा आणि नंबर ब्लॉक करायचा. ग्रुपमधून बाहेर पडायचं की राहायचं, हे दोघांनी मिळून ठरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: समोरून कसलाही संपर्क झाला, तर त्याने तो त्याच दिवशी न विचारता सांगायचा.

हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं का? लपवता आलं असतं तरी सांगितलं, असा अनुभव वारंवार आला तरच विश्वास पुन्हा उभा राहतो. चोवीस तास पाळत ठेवली, तर लपवण्याची शक्यताच काढून घेतली जाते, आणि तिच्याबरोबर खरेपणाचा पुरावा मिळण्याची शक्यताही जाते. तीन महिने तो नीट वागला तरी तिला कळणार नाही की तो बदललाय की नुसता पहाऱ्यात आहे. उलट दहाव्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, ‘आज तिने दुसऱ्या नंबरवरून मेसेज केला, मी उत्तर दिलं नाही, हा बघ,’ तर त्या एका वाक्याचं मोल शंभर तपासण्यांत नाही. विवाहबाह्य संबंधांवर आयुष्यभर काम केलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी याचं वर्णन खिडक्या आणि भिंतींच्या प्रतिमेत केलं होतं. अशा संबंधात बाहेरच्या माणसाकडे खिडकी उघडते आणि जोडीदाराच्या बाजूला भिंत उभी राहते. दुरुस्ती म्हणजे ती रचना उलटी करायची. खिडकी आतून उघडायची असते, हे मात्र माझं त्यावरचं मत.

तरी सुरुवातीचे काही आठवडे तिला डोळ्यांनी बघावंसं वाटणारच, आणि ते नाकारू नये. मग बघण्याला वेळ, विषय आणि शेवट द्यावा. पहिला महिना आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वाराला, दोघांनी शेजारी बसून. फोन त्याच्या हातात. कॉल लॉग, चॅटची यादी, ब्लॉक केलेले नंबर दाखवायचे, बहिणीचं किंवा मित्राचं चॅट उघडायचं नाही. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा, तिसऱ्यात पंधरवड्यातून एकदा. संपण्याची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहायची. एरवी मनात आलेला प्रश्न वेळ घालून वहीत टिपायचा आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं फक्त त्या प्रश्नांसाठी ठेवायची. रात्री दोन वाजता उठवून विचारलेल्या प्रश्नाला कुणीच धड उत्तर देत नाही. आणि दुपारी तीनला जीव घेणारा प्रश्न सातपर्यंत टिकतोच असं नाही, हे वहीच दाखवून देते. हे आकडे काही धर्मग्रंथातले नाहीत. जोडप्याने आपले ठरवावेत, पण ठरवावेत जरूर. मुदत नसलेली पारदर्शकता ही शिक्षा होते, आणि शिक्षा भोगणारा माणूस सुटकेचा विचार करतो, नात्याचा नाही. यावर ‘मग तुझाही फोन दाखव’ असा फणकारा हमखास येतो. तो मोडून काढावा. ज्याने मोडलं त्याने जोडायचं, एवढी असमानता काही महिने न्याय्यच आहे.

हे चालतंय की नाही हे कसं ओळखायचं? तिच्या बाजूने बघायचं तर, तपासण्याची निकड कमी होते आहे का आणि तिचा परीघ तेवढाच राहतो आहे का. आधी ती एक वर्गमैत्रीण, मग ऑफिसातल्या सगळ्या बायका, मग त्याची सख्खी चुलतबहीण, असा संशय पसरत असेल, तर व्यवस्था काम करत नाही, चिंतेला खाद्य पुरवते आहे. त्याच्या बाजूने बघायचं तर, उशिरा बाहेर येणाऱ्या नव्या गोष्टी, दुसरं सिम, अचानक लागलेलं ॲपलॉक, आणि साध्या प्रश्नावर चढणारा आवाज. यांतलं काही दिसलं तर वेळापत्रक आवळून उपयोग नाही. तिथे दोघांनी समुपदेशकापुढे बसावं.

कायद्याचा आक्षेप आता घ्यायला हवा, कारण हल्ली तो व्हॉट्सॲपवरच फिरतो: ‘सुप्रीम कोर्टानेच चोरून रेकॉर्डिंग करायला परवानगी दिली आहे.’ दिलेली नाही. जुलै २०२५मध्ये न्यायालयाने असं म्हटलं की, वैवाहिक दाव्यात जोडीदाराचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं पुरावा म्हणून दाखल होऊ शकतं. पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने २०२१मध्ये तो पुरावा नाकारला होता, तो निर्णय फिरवला गेला. पण पुरावा दाखल होणं वेगळं आणि तो मिळवण्याची मुभा असणं वेगळं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत पोचले असतील, तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे, हेही त्याच निकालात आहे. त्याच महिन्यात छत्तीसगड उच्च न्यायालयापुढे वेगळं प्रकरण होतं. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याला बायकोच्या कॉलचा तपशील हवा होता. ती मागणी फेटाळताना न्यायालयाने सांगितलं, की नवरा बायकोला मोबाइलचा किंवा बँकेचा पासवर्ड देण्याची सक्ती करू शकत नाही. तशी सक्ती खासगीपणाचा भंग आहे आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही येऊ शकते. मागे आधार आहे तो २०१७च्या पुट्टस्वामी खटल्याचा, ज्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. शिवाय दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. थोडक्यात, चोरून जमवलेला पुरावा नातं संपवताना कदाचित उपयोगी पडेल. नातं टिकवायचं असेल तर त्याचा काय उपयोग, हा प्रश्न कोर्टाच्या कक्षेत येत नाही.

एक आक्षेप मात्र पूर्णपणे व्यवहाराचा आहे आणि त्याला तितकंच व्यवहारी उत्तर आहे. ‘उद्या त्यांना काही झालं तर विम्याचे, बँकेचे, ईमेलचे तपशील मला कुठून मिळणार?’ ही चिंता खरी आहे, पण ती रोजच्या तपासणीने सुटत नाही. खाती, पॉलिसी आणि कर्जं यांची यादी आणि फोनचा पिन एका बंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा, प्रत्येक खात्याला नॉमिनी लावावा. गूगल खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलमध्ये ‘लेगसी काँटॅक्ट’ नेमण्याची सोय आहे, ती वापरावी. यूपीआय पिन मात्र पाकिटातही ठेवू नये, तो कुणालाच सांगायचा नसतो.

हे सगळं अशा घरांसाठी आहे जिथे दोघांनाही ‘नाही’ म्हणता येतं. जिथे नकाराला मार, धमकी किंवा घराबाहेर काढणं हे उत्तर मिळतं, तिथे वेळापत्रक आणि वहीच्या गोष्टी करणं म्हणजे त्या बाईच्या जिवाशी खेळणं आहे. अशा वेळी आपला फोन आधीच कुणी बघतो आहे का, हे तपासावं. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसतो का? गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर आपली नसलेली साधनं आहेत का? लोकेशन शेअरिंग सुरू आहे का? फोनमध्ये दुसऱ्याच कुणाचं बोट नोंदलेलं आहे का? सापडलं म्हणून लगेच सगळं बंद करू नये. पाळत अचानक तुटली की ती ठेवणारा चवताळतो, म्हणून आधी सुरक्षित माणूस आणि जागा ठरवावी, आणि मदतीची चौकशी विश्वासातल्या दुसऱ्या फोनवरून करावी. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात चालणारा महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांबरोबर तो सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बोलतात, आणि तक्रार नोंदवायची की नाही हे त्या बाईला ठरवू देतात.

ठाण्याच्या जोडप्याकडे परत यायचं तर तीन महिन्यांची तारीख उलटल्यावर एक काम उरतं, आणि तेच बहुतेक जण विसरतात. त्याच्या फोनमध्ये तिचं बोट नोंदवलेलं असेल तर ते काढायचं, पिन बदलायचा, लोकेशन शेअरिंग बंद करायचं, जोडलेली साधनं लॉगआउट करायची, आणि हे तिच्यासमोर, तिला सांगून करायचं. नवं काही सापडलेलं नसताना, तो स्वतःहून सांगत आलेला असतानाही तिला हे सहन होत नसेल, तर तीन महिने आणखी वाढवून उत्तर मिळणार नाही. मग प्रश्न त्याच्या फोनचा राहत नाही. न थांबणाऱ्या संशयावर औषधांनी आणि थेरपीने उपचार होतात. संशयाबरोबर दारूचं व्यसन असेल, तर आधी त्याकडे बघावं लागतं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यावी, आणि पहिल्या भेटीला दोघांनी मिळून जावं.